स्लिप रोडवरून मेन रोडला लागताना टोकाला जाऊन थांबावं लागतं, आणि लेन संपते तिथे नक्की कधी घुसायचं?

प्रश्न: नवीन गाडी शिकले आहे. स्लिप रोडवरून मोठ्या रस्त्याला लागायचं म्हटलं की गाड्या इतक्या स्पीडने येत असतात की मी हळू हळू जाऊन शेवटी टोकाला थांबते, मग निघताच येत नाही आणि मागचे हॉर्न मारत बसतात. आणि दुसरं म्हणजे जिथे दोनाची एक लेन होते तिथे आधीच लाइनमध्ये लागायचं की शेवटपर्यंत जायचं? शेवटपर्यंत गेलं की लोक घुसू देत नाहीत.

उत्तर:

मी नवीन लोकांना गाडी शिकवते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाकडून येतो. आधीच सांगते, तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिसायला एकमेकांच्या उलट आहेत. वाहत्या रस्त्याला लागताना गॅप लवकर ठरवायची असते आणि लेन संपते तिथे ट्रॅफिक रांगत असेल तर शेवटपर्यंत जायचं असतं. पण दोन्हीच्या मागे गोष्ट एकच आहे, तुमचा स्पीड आणि शेजारच्या लेनचा स्पीड यातला फरक. तो फरक जितका कमी तितकी लहान गॅप पुरते. हे एकदा आकड्यांत बघितलं की भीती कुठे धरायची आणि कुठे सोडायची ते आपोआप कळतं, म्हणून थोडं गणित करते, कंटाळू नका. (सगळं डाव्या बाजूने गाडी चालवण्याच्या हिशोबाने लिहितेय, म्हणजे तुम्ही डावीकडून येऊन उजवीकडे सरकताय.)

समजा मेन रोडवर गाड्या ताशी 80 ने चालल्यात आणि तुम्ही वळणातून बाहेर आलात तेव्हा तुमचा स्पीड 40 आहे. साधी छोटी गाडी ॲक्सिलेटर नीट दाबला तर 40 वरून 80 ला साधारण 8 सेकंदात जाते. आता तुम्ही 40 वरच मेन लेनमध्ये शिरलात आणि तिथे गेल्यावर पळवायला लागलात असं धरा. त्या 8 सेकंदात तुम्ही 133 मीटर गेलात आणि मागून 80 ने येणारा 178 मीटर आला, म्हणजे त्याने तुमच्यातलं 45 मीटरच्या आसपास अंतर खाल्लं. ताशी 80 ला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण 44 मीटर. म्हणजे तुम्ही शिरलात तेव्हा तो अगदी व्यवस्थित दोन सेकंद मागे होता, तुम्हाला आरशात भरपूर जागा दिसत होती, तरीही त्याने ब्रेक मारला नाही तर तो तुमच्या बंपरला येऊन टेकतो!

आता तेच 60 वर शिरून करा. 80 ला पोचायला 4 सेकंद लागतात आणि मागचा फक्त 11 मीटर जवळ येतो. 70 वर शिरलात तर तीन मीटरसुद्धा नाही. नीट बघा, स्पीडमधला फरक 40 वरून 20 झाला, म्हणजे अर्धा झाला, पण खाल्लं जाणारं अंतर चौपट कमी झालं. फरकाच्या वर्गाच्या हिशोबाने ते वाढतं. आणि तुम्ही म्हणता तसं टोकाला थांबून शून्यावरून निघालात तर त्याच पिकअपने 80 ला पोचायला 16 सेकंद जातात आणि मागचा जवळपास 178 मीटर जवळ येतो, म्हणजे निव्वळ टक्कर टाळायलाच 8 सेकंदांची मोकळी जागा पाहिजे आणि त्यावर मागच्यासाठी सुरक्षित अंतर धरलं तर 10 सेकंदांची. भरलेल्या रस्त्यावर इतकी गॅप येतच नाही. तुम्हाला निघता येत नाही याचं कारण हे आहे, तिथे कोणी कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी अडकेलच. हळू जाणं सुरक्षित वाटतं पण या एका जागी ते उलटं पडतं.

म्हणून स्लिप रोडच्या शेवटी जी सरळ पट्टी मेन रोडला लागून धावते ना, ती गॅपची वाट बघायला दिलेली नाही, स्पीड घ्यायला दिलेली आहे. समजा ती 200 मीटर आहे. वरच्या हिशोबात 40 वरून 80 ला जायला 133 मीटर लागले, मग उरले 65-70 मीटर, आणि ताशी 80 ला ते तीन सेकंदांत संपतात. म्हणजे आधी स्पीड घेईन मग बघेन किंवा आधी बघेन मग स्पीड घेईन असं दोन्ही चालत नाही, दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात. आणि हे जमायचं असेल तर बघायला सुरुवात सरळ पट्टीच्या कितीतरी आधी करावी लागते.

प्रत्यक्षात मी असं करायला लावते. रॅम्पच्या वळणावर असतानाच, जिथून पहिल्यांदा मेन रोड दिसतो तिथूनच, मान वळवून एक नजर टाकायची. तेव्हा गॅप शोधायची नाही, फक्त अंदाज घ्यायचा की गाड्या साधारण किती स्पीडने चालल्यात, तुटक तुटक येतायत की सलग, डाव्या लेनमध्ये ट्रक किती आहेत. वळणात स्पीड वाढवायचा नाही. वळण सुटलं, स्टिअरिंग सरळ झालं की उजवा इंडिकेटर लगेच द्यायचा, कारण मेन रोडवाल्याला तुम्ही दिसणं जितकं गरजेचं आहे तितकंच तुमचा इरादा दिसणं गरजेचं आहे, आणि लगेच ॲक्सिलेटर. इथे बऱ्याच जणांची एक गडबड होते, शिकताना लवकर लवकर वरचा गिअर टाकायची सवय लागलेली असते त्यामुळे 40 ला चौथा पडलेला असतो आणि मग गाडी ओढतच नाही. तिसऱ्यात ठेवा, इंजिनाचा आवाज चढला तरी घाबरू नका, 65-70 पर्यंत जाऊ द्या मग चौथा टाका. ऑटोमॅटिक असेल तर पाय खरंच दाबा, अर्धवट दाबून ती वरच्या गिअरमध्येच आळसावते.

स्पीड वाढत असताना आधी आतला आरसा, मग उजवा आरसा, आणि आत शिरायच्या अगदी आधी उजव्या खांद्यावरून एक झटपट नजर, कारण आरशात न दिसणारा एक पट्टा असतोच आणि त्यात एखादी बाइक पूर्ण लपते. प्रत्येक नजर छोटी, अर्ध्या सेकंदाची, आणि मध्ये मध्ये डोळे पुढे. ताशी 70 ला एका सेकंदात तुम्ही 19 मीटरपेक्षा जास्त पुढे जाता. स्लिप रोडवर धडक फक्त मेन रोडच्या गाडीशीच होते असं नाही हो, ती आपल्याच पुढच्या गाडीशीही होते. तो जातोय असं वाटून आपण मागे बघत राहतो आणि तो मात्र घाबरून ब्रेक मारतो. म्हणून पुढच्या गाडीपासून रॅम्पवरच तीन सेकंदांचं अंतर ठेवा, जास्त झालं तरी चालेल. त्याचा दुसरा फायदा असा की तो अडखळला तरी तुमच्याकडे स्पीड घ्यायला जागा उरते.

आता गॅप कशी निवडायची. नवीन लोक शेजारची रिकामी जागा बघतात आणि तिकडे जायला बघतात, पण तुमचा स्पीड कमी असेल तर ती जागा तुम्हाला सोडून पुढे निघून जाणार आहे, तुमच्या वाट्याला येणारी गॅप अजून मागे आहे. म्हणून मी जागा निवडायला सांगतच नाही, गाडी निवडायला सांगते. उजव्या आरशात बघा आणि ठरवा, ही पांढरी गाडी पुढे जाईल आणि मी हिच्या मागे लागणार. मग ती शेजारून पुढे सरकते, तुमचा स्पीड तिच्या स्पीडला येऊन भिडतो, आणि तिच्या मागे जी जागा असते ती तुमची. तिच्या मागून येणारी गाडी आरशात बघा, तिचा आकार तेवढाच राहिला असेल तर ती तुमच्याच स्पीडने येतेय, मोठी मोठी होत असेल तर तुम्ही अजून कमी आहात किंवा ती फास्ट आहे, तेव्हा तिला जाऊ द्या आणि तिच्या मागे लागा.

ट्रक असेल तर नियम सरळ आहे, त्याच्या मागे लागा नाहीतर त्याच्या कितीतरी पुढे. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे उंच बसलेला असतो, त्याच्या डाव्या बाजूला लागून चालणारी छोटी गाडी त्याला दिसतच नाही बऱ्याचदा, आणि तुम्ही नेमक्या त्याच बाजूने येताय. त्याच्या लगेच पुढे शिरलात तर त्याने ब्रेकसाठी राखलेलं अंतर तुम्ही खाऊन टाकता आणि भरलेला ट्रक तुमच्यासारखा पटकन थांबत नाही. शिवाय ट्रकच्या मागे बाइक असू शकते, म्हणून ट्रक गेला की लगेच शिरू नका, एकदा खांद्यावरून बघा.

शिरताना स्टिअरिंग अगदी किंचित, झटका नाही, आणि फक्त डाव्या लेनमध्ये यायचं, त्याच दमात दुसऱ्या लेनला जायचं नाही. आत आल्यावर पुढची गाडी जवळ वाटेल, तेव्हा ब्रेक न मारता पाय हलका करा, दोन-चार सेकंदांत अंतर आपोआप खुलतं. शिरल्या शिरल्या ब्रेक लाइट पेटली की मागचा दचकतो आणि मागे सगळी साखळी ब्रेक मारत जाते.

आणि गॅप नाहीच मिळाली तर? हा निर्णय पट्टीच्या मध्यावर घ्यायचा, टोकाला नाही. मध्यावर कळलं की आत्ता जमत नाही तर पाय थोडा काढा, स्पीड 10-15 ने कमी करा, तेवढ्याने शेजारची एखाद-दोन वाहनं पुढे जातात आणि पुढची गॅप तुमच्यापर्यंत येते. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. खरंच थांबायची वेळ आली तर आधी मागे आरशात बघून हळू हळू थांबा, कारण तुमच्या मागचा त्या क्षणी खांद्यावरून उजवीकडे बघत असणार, आणि टोकाला नाक लावून थांबू नका, पुढे शक्य तेवढी पट्टी सोडून थांबा, म्हणजे पुढची मोठी गॅप दिसली की त्या उरलेल्या पट्टीत स्पीड घेता येईल. टोकाला थांबलेल्या गाडीला सगळा पिकअप मेन लेनमध्येच घ्यावा लागतो आणि त्याचं गणित वर झालंच आहे. पट्टी संपली, बाजूला गाडी आहे, थांबायलाही उशीर झालाय असं झालं तर उजवीकडे जबरदस्ती घुसण्यापेक्षा सरळ पुढे रस्त्याकडेच्या पक्क्या पट्टीवर जाऊन थांबणं कधीही बरं. तो रोजचा मार्ग मात्र नाही, फक्त सुटकेचा आहे. काही स्लिप रोडला अशी सरळ पट्टीच नसते, रॅम्प थेट येऊन भिडतो, तिथे मात्र हे काही लागू नाही, तो चौक समजूनच थांबायचं आणि मोठी गॅप येईपर्यंत निघायचं नाही, मागे कोण कितीही वाजवो.

लक्षात ठेवायची एक गोष्ट, वाहत्या मेन रोडवरच्या गाड्यांचा हक्क आधी असतो, त्यांनी तुम्हाला जागा करून दिलीच पाहिजे असं नाही. ज्यांना शक्य आहे ते उजवीकडच्या लेनला सरकतात, पण त्या भरवशावर शिरू नका. आणि तुम्ही स्वतः मेन रोडवर असाल तेव्हा दयाळूपणे अचानक हळू होऊ नका. स्लिप रोडवरून येणारा तुमच्या स्पीडवरून अंदाज बांधून तुमच्या मागे लागायला हळू होत असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी हळू होता, मग दोघंही शेजारी शेजारी हळू होत पट्टीच्या टोकाला पोचता. उजवीकडे जाता येत असेल तर वेळेत जा, नाहीतर स्पीड कायम ठेवा, त्याला तुमचा अंदाज लागू द्या, हीच खरी मदत.

आता दुसरा प्रश्न. काम चालू आहे किंवा रस्ता अरुंद झालाय, दोनाची एक लेन होतेय, आणि दोन्ही लेन रांगतायत. इथे दोघांचा स्पीड आधीच सारखा आहे, ताशी पाच-दहा. फरक शून्य म्हणजे खाल्लं जाणारं अंतर पण शून्य, त्यामुळे एका गाडीएवढी जागा आत शिरायला पुरते. म्हणूनच इथे शेवटपर्यंत दोन्ही लेन वापरून तोंडाशी एकाआड एक शिरायचं, चेनचे दात बसतात तसं, यालाच झिप म्हणतात. जर्मनीत तर हे कायद्यातच लिहिलंय, लेन जिथे संपते तिथे अगदी तोंडाशी, एकाआड एक. पण तिथेसुद्धा हा नियम मोठ्या रस्त्याच्या स्लिप रोडला लागू नाही, तिथे मेन रोडवाल्याचाच हक्क. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही आळीपाळीने मिसळायला सांगितलंय ते ट्रॅफिक अगदी हळू असेल तेव्हाच. दोन्हीकडे वाहतं ट्रॅफिक आणि रांगतं ट्रॅफिक यात केलेला हा भेद मला फार योग्य वाटतो.

लोकांना राग येतो कारण वाटतं शेवटपर्यंत जाणारा लाइन तोडतोय. हिशोब करून बघा. समजा एकूण 120 गाड्या आहेत आणि अरुंद तोंडातून दर 2 सेकंदांना एक सुटते, म्हणजे सगळ्या सुटायला 4 मिनिटं. सगळे आधीच एका लेनमध्ये लागले तर गाडीमागे 7 मीटर धरून 840 मीटर लांब रांग, दोन्ही लेन भरल्या तर 420 मीटर. 4 मिनिटं दोन्हीकडे तीच, झिपने तोंड रुंद होत नाही, त्यामुळे याने प्रवासाचा वेळ जादूने कमी होईल असं मी सांगणार नाही. पण रांग निम्मी राहिली की ती मागच्या चौकापर्यंत जाऊन त्यांचा रस्ता अडवत नाही, ज्यांना इकडे यायचंच नाही ते सुटतात. आणि दुसरं, एक लेन उभी आणि शेजारची रिकामी असेल तर तिथे कोणीतरी 60 ने येतो आणि उभ्या रांगेतला एखादा वैतागून गाडी बाहेर काढतो, धोका तिथे आहे. दोन्ही लेन भरून सारख्या स्पीडने रांगतायत म्हटल्यावर तो प्रश्नच उरत नाही.

तर तुम्ही संपणाऱ्या लेनमध्ये असाल आणि शेजारी रांग उभी असेल तर शेवटपर्यंत जा, पण सुसाट नाही, शेजारच्या रांगेपेक्षा फार तर 15-20 जास्त, पाय ब्रेकवर न्यायच्या तयारीत. शेवटच्या 50 मीटरमध्ये तिरकी पुढची गाडी निवडा (इथेही गाडीच निवडायची, जागा नाही), तिचा मागचा बंपर तुमच्या पुढच्या बंपरच्या जरा पुढे राहील असं चाला आणि इंडिकेटर देऊन तिच्यामागे हळूच नाक वळवा. मागच्याकडे बघा, तो थांबलेला किंवा मागे राहिलेला दिसला तरच पूर्ण आत या. एखादा नाहीच देणार, पुढच्याच्या बंपरला चिकटून जाईल, जाऊ द्या त्याला, मागचा देतो. तुमच्या लेनच्या पूर्ण तोंडाशी असलात की लोक देतात हे तुम्हाला दिसेल, कारण तिथे तुम्हाला दुसरी जागाच नाही हे त्यालाही दिसतं. लोक घुसू देत नाहीत ते जास्त करून मधेच कुठेतरी घुसायला बघणाऱ्याला, कारण त्याच्यामागून अजून चारजण येणार हे त्यांना माहीत असतं. शेजारी बस किंवा लांब ट्रक असेल तर त्याच्यापुढे नाक घालू नका, त्याची मागची चाकं वळताना आत कापतात, त्याला पूर्ण जाऊ द्या. आणि दोन रांगांच्या मधून बाइक येतात, म्हणून वळवायच्या आधी इथेही खांद्यावरून एकदा बघायचंच. तुम्ही चालू राहणाऱ्या लेनमध्ये असाल तर एकाला आत घ्या. एकालाच. दोघा-तिघांना घेतलंत तर तुमच्यामागची लेन थांबते आणि मग तिथले चिडून कोणालाच देत नाहीत.

पण ट्रॅफिक वाहतं असेल, 50-60 च्या वर, आणि लेन संपायची पाटी दिसली, तर मात्र झिप वगैरे विसरा आणि पाटी दिसल्यावर पहिली बरी गॅप मिळेल तिथे आरामात लेन बदला, टोकाची वाट बघू नका, कारण टोकाला जागा नाही मिळाली तर तुम्ही पुन्हा थांबलेल्या आणि ते 80 ने येणारे. आणि उलट, स्लिप रोडला आलात आणि मेन रोडच जाम होऊन रांगतोय असं दिसलं तर तिथे 70 चा स्पीड घेण्यात अर्थ नाही, तिथे हक्क त्यांचाच असला तरी प्रत्यक्षात पट्टीच्या शेवटापर्यंत जाऊन एकाआड एकच शिरावं लागतं. म्हणून वळणावरची ती पहिली नजर मी इतकी महत्त्वाची मानते, आज दोनपैकी काय करायचंय ते तिथेच ठरतं.

सराव करायचा असेल तर आधी दुसरं कोणी चालवत असताना शेजारच्या सीटवर बसा, रॅम्प आला की मान वळवून बघा आणि मोठ्याने सांगा, "त्या लाल गाडीच्या मागे". मग बघा चालवणारा खरंच तिच्याच मागे लागला का. पाच-सहा रॅम्पमध्ये तुमचा अंदाज जुळायला लागेल. मग पहाटे किंवा दुपारी, रस्ता मोकळा असताना, सोबत कोणाला तरी घेऊन तोच एक रॅम्प परत परत करा, आणि तेव्हा गॅपकडे लक्षच देऊ नका, पट्टी संपायच्या आत मेन रोडचा स्पीड गाठता येतोय का एवढंच बघा. तो गाठता यायला लागला की मग गर्दीच्या वेळी जा.